बसवलेली मोटर परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या म्हणतात, काय उत्तर लिहू?

चोपड्याचा_पंपवाला
रामराम मंडळी. चोपड्याला आमचं मोटर-पंपांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. एका गिऱ्हाईकाला लेखी उत्तर द्यायचं आहे, त्यासाठी धागा काढतोय.

जानेवारीत शेजारच्या गावातल्या एका आबांनी 5 एचपीची सबमर्सिबल नेली, 10 स्टेजची. बिल 31,500. विकताना पाणी किती फुटांवर आहे ते मी विचारलं होतं. ते म्हणाले 140, आणि तेवढं मी बिलावर पेनाने लिहिलंही. आता एप्रिल संपत आला. बोअरचं पाणी मोटर चालू असताना 230 फुटांवर गेलंय. त्यांनी गावातल्या मिस्त्रीकडून मोटर खाली 270 फुटांवर सोडून घेतली. उघड्या पाइपाला पाणी येतं, पण ड्रिप सुरू केली की शेवटच्या नळ्या कोरड्याच राहतात.

काल व्हॉइस मेसेज आला, "तुनी मोटर लई जाय, मना पैसा परत दे." मोटर बोगस दिली असंही म्हणाले, ते जरा लागलं.

आमच्या बिलावर छापलेलं आहे की खोका न फोडलेला माल 7 दिवसांत बदलून मिळेल, आणि बोअरमध्ये उतरलेली मोटर परत घेतली जाणार नाही. कंपनीची वॉरंटी 12 महिन्यांची, पण ती बनावटीतल्या दोषाला. इथे मोटर चांगली आहे, पाणी खाली गेलंय.

मी हे लिहिलंय, अजून पाठवलेलं नाही:

"आबा, आमच्या नियमाप्रमाणे बसवलेली मोटर परत होत नाही. बिलावर स्पष्ट लिहिलेलं आहे. पाणी किती आहे ते तुम्हीच सांगितलं होतं, त्यामुळे यात दुकानाची चूक नाही. तरीही तुमच्यासाठी काही ॲडजस्टमेंट करता येईल का ते बघू. दुकानात येऊन भेटा."

ठीक आहे का?

नंदुरबारी
भाऊ, इतकं कशाला लिहितो? नियम बिलावर आहे ना. एक ओळ टाक आणि ब्लॉक कर. एकाला सोडलं की दहा जण येतात.

ग्राहकराजा_जळगाव
नंदुरबारी, असं चालत नाही आता. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापणंच गैर आहे. 30 दिवसांत पैसे परत करावेच लागतात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर एक फोन गेला तर दुकानदाराला पळता भुई थोडी होईल.

वकीलीणबाई_धुळे
ग्राहकराजा, अर्धं बरोबर आहे. ते कलम सदोष मालाबद्दल आहे. माल सदोष निघाला आणि बिलावर दिलेल्या मुदतीत दुकानदाराने तो परत घेऊन पैसे द्यायला नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदतच दिली नसेल तर ती 30 दिवस धरायची. चांगली चालणारी वस्तू नको झाली म्हणून परत घ्या, असा हक्क त्यातून मिळत नाही.

पण पंपवाले, म्हणून निश्चिंत होऊ नका. उद्या आबा ग्राहक आयोगात गेले तर ते मोटर खराब आहे असं म्हणणार नाहीत. ते म्हणतील, "मी शेतकरी, मला पंपाचं काय कळतं? उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी उतरतं हे दुकानदाराला माहीत होतं, तरी त्याने हाच पंप गळ्यात मारला." पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही. बिलावर 140 फूट लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मात्र त्यातून जानेवारीत काय विचारलं एवढंच सिद्ध होतं. मे महिन्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

सातपुडा_वाइंडर
शिरपूरला वाइंडिंगचं आणि मोटर काढ-घालीचं काम करतो. उत्तर लिहायच्या आधी बोअरवर जा. मिस्त्रीने मोटर खाली सोडली म्हणजे केबलला जोड दिला असणार. जोड देताना दोन फेज अदलाबदल झाले तर मोटर उलटी फिरते. उलटी फिरली तरी पाणी येतं, पण कमी येतं. लोक महिना महिना तशीच चालवतात आणि कंपनीला शिव्या देतात. स्टार्टरवर कोणतेही दोन फेज बदलून बघ. पाणी वाढलं तर भांडण तिथेच संपलं.

नाही वाढलं, तर डिलिव्हरीवर प्रेशरचं मीटर लाव आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मिनिटभरच चालव, जास्त नाही. मीटरवरचा आकडा मीटरमध्ये कर (1 किलो म्हणजे 10 मीटर), त्यात पाण्याची खोली मिळव आणि बेरीज कंपनीच्या तक्त्यातल्या बंद व्हॉल्व्हच्या हेडशी ताड. जुळली तर पंप शाबूत. बरीच कमी आली तर इंपेलर वाळूने खाल्लेत किंवा स्टेजमध्ये काहीतरी बिघडलंय, मग वॉरंटीचं बघावं लागेल. हे न करता "दुकानाची चूक नाही" कसं लिहिणार तू?

अमळनेरची_माई
माझाही असाच अनुभव सांगते. मी घरून बिबड्या आणि कळण्याचं पीठ पाठवते. एक बाई दोन महिन्यांनी म्हणाल्या, पिठात जाळी झाली, पैसे द्या. पाकिटावर एक महिना लिहिलेलं होतं. मी सरळ दुसरं पाकीट पाठवलं. तुम्हीही दुसरी मोटर पाठवून द्या ना, नाव राहतं दुकानाचं.

चोपड्याचा_पंपवाला
माई, पिठाचं पाकीट आणि साडेएकतीस हजारांची मोटर यात फरक आहे हो. 😅 आणि दुसरी तशीच मोटर दिली तर तिलाही पाणी तेवढंच येणार.

वाइंडर भाऊ, उद्या सकाळी लाईट असताना जातो.

रावेरकर
मी केळीवाला. आबांच्या बाजूने बोलतो, कोणी तरी बोललं पाहिजे.

तुमच्या मसुद्यात नियम, बिल, चूक सगळं आहे. पाणी कुठेच नाही. एप्रिल-मेमध्ये केळी उभी असताना माणसाला पैसे नको असतात, पाणी हवं असतं. पैसे परत मागतो कारण त्याला वाटतं ते पैसे घेऊन दुसऱ्या दुकानातून पाणी विकत आणता येईल. तुम्ही त्याला सांगा पाणी कसं येईल, किती येईल, कधी येईल. मग तो पैशांवर अडून बसणार नाही.

आणि "दुकानात येऊन भेटा" काढून टाका. तीन तास ऊन तुडवत यायचं आणि तिथे "बघू" ऐकायचं. आम्हाला "बघू" चा अर्थ चांगला कळतो.

त्यांची केळी किती आहे ते विचारा.

वहीखाते
रावेरकरांशी सहमत, पण धंद्याच्या बाजूने एक बघा. जी सवलत द्याल ती संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेली असेल. म्हणून सवलत अशी ठेवा की उद्या त्याच परिस्थितीत दुसरा कोणी आला तर त्यालाही तीच देता येईल. तोंड बघून दिलेली सूट अंगाशी येते.

चोपड्याचा_पंपवाला
जाऊन आलो. सगळं सांगतो.

फेज बदलून पाहिले. धार आणखी कमी झाली, म्हणजे आधीचीच दिशा बरोबर होती. पुन्हा पूर्ववत केलं. चालू मोटरचे अँपिअर प्लेटवरच्यापेक्षा कमीच भरले. मग मोटर बंद ठेवून दोर सोडला तर पाणी 215 फुटांवर, म्हणजे 66 मीटर धरलं. व्हॉल्व्ह बंद करून मीटर अडीच किलो दाखवतं, म्हणजे 25 मीटर. बेरीज 91. कंपनीच्या तक्त्यात या पंपाचं बंद व्हॉल्व्हचं हेड 92. पंप ठणठणीत आहे.

आता हिशेब. प्लेटवर लिहिलंय हेड 40 ते 70 मीटर. जानेवारीत 140 फूट म्हणजे 43 मीटर, ड्रिपला फिल्टरसकट दीड किलो म्हणजे 15, पाइपाचं घर्षण 4 धरलं. एकूण 62, पंपाच्या आवाक्यात. आता 230 फूट म्हणजे 70, अधिक 15 अधिक 4, एकूण 89. आवाक्याबाहेर. उघड्या पाइपाला पाणी का येतं तेही यातच कळलं, तिथे ड्रिपचे 15 लागत नाहीत.

हे सगळं मी आबांच्या पोरासमोर केलं, त्यालाच मीटर वाचायला लावलं. आबा खाटेवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. केळी 3,000 खोडं आहे.

सातपुडा_वाइंडर
मग मोटर बदलायची गरजच नाही. खालची मोटर तीच ठेव, वरची पंप साईड बदल. त्याच कंपनीची, याच मोटरवर बसणारी जास्त स्टेजची मिळते का बघ. एचपी तेवढीच राहते, त्यामुळे उंची वाढली की पाणी कमी होणार, हे आधीच सांगून टाक. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा व्हॉइस मेसेज येईल. आणि कंपनीच्या तक्त्यात 5 एचपीच्या मोटरवर ती पंप साईड चालते असं छापलेलं असेल तरच टाक. स्टेज वाढल्या की खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार वाढतो. अंदाजाने केलं तर मोटर जाईल आणि तेव्हा खरंच तुझी चूक असेल.

चोपड्याचा_पंपवाला
तक्त्यात आहे. 15 स्टेजची, हेड 60 ते 105 मीटर. 89 मीटरला तासाला साधारण 8,000 लिटर देते.

आमची विक्रीची किंमत 14,800, मला पडते 12,600. जुनी 10 स्टेजची पंप साईड मी 8,000 ला धरू शकतो. तापीकाठी पाणी वर असलेल्या विहिरीवाल्याला जुनी म्हणून सांगूनच विकेन. म्हणजे आबांना 6,800 पडतील, अधिक चेनपुलीवाल्यांची काढ-घालीची मजुरी 2,500.

रावेरकर
मे महिन्यात मोठ्या केळीला खोडामागे दिवसाला वीस-बावीस लिटर धरा. 3,000 खोडं म्हणजे साठ-पासष्ट हजार लिटर. दिवसाची लाईट आठ तास. 8,000 लिटरने 64,000 होतात. जेमतेम पुरतं, पण पुरतं! एका वेळी तीन व्हॉल्व्ह उघडत असतील तर दोनच उघडावे लागतील. हे वाक्य मेसेजमध्ये घाला, बाकी काही नाही घातलं तरी चालेल.

पण एकूण 9,300 जास्त आहेत. हिशेब तुमचा बरोबर असेल, तरी पाणी उतरतं हे तुम्हाला माहीत होतं. नफा नका घेऊ या वेळी.

वहीखाते
मीही तेच म्हणणार होतो. नवी पंप साईड खरेदीच्या भावात द्या, जुनीचे 8,000 वजा करा, 4,600 उरतात. मजुरी तुम्ही भरा. म्हणजे तुमच्या खिशातून जातात फक्त मजुरीचे 2,500, त्याशिवाय नफा सोडलात तेवढाच. पूर्ण पैसे परत दिले असते तर चार महिने वापरलेली मोटर तुमच्याकडे पडली असती आणि ती नवी म्हणून विकता आली नसती.

दुसऱ्यालाही देता येईल असं म्हणालो होतो, ती अट अशी करा: बिलावर पाण्याची पातळी लिहिलेली असावी, तपासणीत पंप शाबूत निघावा, घेऊन सहा महिने झालेले नसावेत. आणि जुनी पंप साईड परत घेतल्याची पक्की नोंद, नव्याचं वेगळं बिल, त्यावर नवी वॉरंटीची तारीख. कच्च्या चिठ्ठीवर करू नका.

वकीलीणबाई_धुळे
मेसेजमध्ये एक ओळ घाला: "ही सवलत दुकानातर्फे आहे, मोटरमध्ये दोष होता असा याचा अर्थ नाही." पुढे कधी वाद झालाच तर उपयोगी पडेल.

रावेरकर
ताई, ही ओळ वाचली की आबा पुन्हा पहिल्या मेसेजवर जातील. मदत करायची आणि वर पावती फाडायची.

वकीलीणबाई_धुळे
पावतीच फाडतोय आपण, व्यवहार आहे हा. गोड बोलून दिलेली सूट नंतर कबुलीजबाब म्हणून पुढे केलेली मी पाहिली आहे. निदान तपासणीचे आकडे तरी लिहा. त्यातून तेच काम होईल.

चोपड्याचा_पंपवाला
आकडे लिहितो, ती ओळ नाही लिहीत. आज दुपारी हे पाठवलं:

"आबा, रामराम. ड्रिपच्या शेवटच्या नळ्यांना पाणी जात नाही हे काल मी स्वतः पाहिलं. ऐन उन्हात केळी उभी आहे, तुमची काळजी समजते.

मोटर तपासली. दादाने मीटर वाचलं, पंप कंपनीच्या तक्त्याप्रमाणे चालतोय. जानेवारीत पाणी 140 फुटांवर होतं, आता 230 वर आहे. तेवढ्या खोलीवरून ड्रिप चालवणं या पंपाच्या आवाक्याबाहेर आहे.

मोटर परत घेऊन 31,500 मला देता येणार नाहीत. बोअरमध्ये उतरलेली मोटर मी दुसऱ्याला नवी म्हणून विकू शकत नाही.

पाणी मिळण्यासाठी हे करू शकतो: खालची मोटर तीच राहील, वरची पंप साईड 15 स्टेजची बसवू. ती मला पडते त्या भावात, 12,600 ला देतो. जुनी 8,000 ला परत घेतो. काढ-घालीची मजुरी दुकान भरेल. तुम्हाला 4,600 द्यावे लागतील. नव्या पंप साईडला बिलाच्या तारखेपासून 12 महिने वॉरंटी.

पाणी तासाला साधारण 8,000 लिटर येईल. आठ तासांच्या लाईटमध्ये तुमच्या 3,000 खोडांना पुरेल, पण एका वेळी दोनच व्हॉल्व्ह उघडावे लागतील. पाणी 280 फुटांच्या खाली गेलं तर मोटर आणखी खाली सोडूनही हा पंप पुरणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो.

माल दुकानात आहे. उद्या होकार दिलात तर परवा सकाळी माणसं पाठवतो. हा भाव या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो. येण्याची गरज नाही, फोन करा."

नंदुरबारी
280 फूट कुठून आणलं?

चोपड्याचा_पंपवाला
280 फूट म्हणजे 85 मीटर, अधिक 15 अधिक 4, एकूण 104. पंपाची हद्द 105. शिवाय 230 च्या खाली पाणी गेलं तर तासाचे 8,000 राहणार नाहीत, उतरत जातील. तेही फोनवर बोललो.

ग्राहकराजा_जळगाव
मेसेज चांगला झालाय. "नियमाप्रमाणे" हा शब्दच नाही, कारण मात्र आहे. तरी मला वाटतं 4,600 सुद्धा घ्यायला नको होते. पाणी उतरतं हे जानेवारीत सांगणं विकणाऱ्याचं काम होतं.

सातपुडा_वाइंडर
आणि जानेवारीत 15 स्टेजची दिली असती तर? तेव्हा पाणी वर होतं, तो पंप त्याच्या हद्दीच्या खालच्या टोकाला चालला असता आणि 10 स्टेजवाल्यापेक्षा पाणी कमी दिलं असतं. तेव्हा हेच आबा म्हणाले असते, शेजाऱ्याची 5 एचपी जास्त पाणी देते. एकच पंप जानेवारीला आणि मे ला सारखा बसत नाही बाबा.

चोपड्याचा_पंपवाला
आबांचा फोन आला. आधी म्हणाले 4,600 कसले, अर्धे कर. मी म्हटलं, आबा, माझ्या खरेदीचं बिल दाखवतो, यात माझा एक रुपया नाही. मग पोराने फोन घेतला आणि 8,000 लिटरचा आकडा कागदावर लिहून द्याल का विचारलं. मी म्हटलं, पाणी 230 फुटांवर असेल तोवरचा लिहून देतो. त्यावर तो तयार झाला. परवा माणसं जातील. आबा मात्र शेवटपर्यंत म्हणत होते की हे जानेवारीतच सांगायला पाहिजे होतं. त्यावर मी काही बोललो नाही.

यापुढे बिलावर दोन रकाने छापून घेतोय, आजचं पाणी आणि गेल्या मे महिन्यातलं पाणी.

वकीलीणबाई_धुळे
दुसरा रकाना गिऱ्हाईकाच्या हाताने भरून घ्या, खाली सही.

रावेरकर
गेल्या मे महिन्याचं पाणी किती होतं हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं, अंदाजाने काहीही भरतील. यंदाचा मे गेल्या वर्षीसारखा असेल कशावरून? रकाना छापा, पण त्यावर विसंबून कोणाला नाही म्हणू नका.

अमळनेरची_माई
पंपवाले भाऊ, आमच्या दिरांच्या बोअरचंही असंच झालंय, 7.5 एचपी आहे. ते प्रेशरचं मीटर तुमच्याकडे मिळेल का?

चोपड्याचा_पंपवाला
मिळेल माई. पण त्यांना सांगा, आधी दोन फेज बदलून बघा. त्याला पैसे लागत नाहीत. स्टार्टर उघडायच्या आधी मेन स्विच मात्र बंद करा.